शिवीची जागा: भरीचे शब्द वाक्यात कुठे बसतात आणि कुठे खटकतात

रागाच्या, वैतागाच्या किंवा आश्चर्याच्या भरात बोलणारा माणूस वाक्यात एखादी शिवी पेरतो. त्या शिवीचा मूळ अर्थ तिथे अभिप्रेत नसतो. ‘पाऊस साला थांबतच नाही’ या वाक्यात पावसाशी कोणी नाते जोडत नाही. ‘साला’ काढून टाकला तरी वाक्याचा मजकूर तोच राहतो, फक्त बोलणाऱ्याचा वैताग नाहीसा होतो. असे असूनही हा शब्द वाक्यात कुठेही टाकता येत नाही. ‘पाऊस साला थांबतच नाही’ हे सहज वाटते, ‘पाऊस थांबत साला नाही’ हे अडखळल्यासारखे वाटते आणि ‘पावसा-साला-ने घात केला’ असे कोणीही मराठी माणूस बोलत नाही. या जागा कोणी शिकवलेल्या नसतात. तरीही त्या जवळपास सगळ्यांच्या कानाला सारख्याच रुचतात किंवा खटकतात, म्हणजे त्यामागे नियम आहेत. हे नियम मराठीत प्रामुख्याने विभक्तीशी आणि सामान्यरूपाशी बांधलेले आहेत.

शब्दाच्या पोटात शिरणारी शिवी

या प्रश्नाचा सर्वांत जास्त अभ्यास इंग्रजीच्या संदर्भात झाला आहे, कारण इंग्रजीत शिवी थेट शब्दाच्या मधोमध घुसते. ‘ॲब्सोलूटली’ या शब्दाचे ‘ॲब्सो-ब्लडी-लूटली’ होते, ‘फॅन्टॅस्टिक’चे ‘फॅन-ब्लडी-टॅस्टिक’ होते. ऑस्ट्रेलियात ‘कांगा-ब्लडी-रू’ हे रूप प्रसिद्ध आहे. पण ‘ॲब-ब्लडी-सोलूटली’ किंवा ‘फॅन्टॅस-ब्लडी-टिक’ असे इंग्रजी भाषक म्हणत नाहीत.

अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी 1982 मध्ये ‘लँग्वेज’ या नियतकालिकात या जागांचे जे स्पष्टीकरण मांडले, ते आजही पायाभूत मानले जाते. इंग्रजी शब्द आघाताच्या गटांत विभागलेला असतो. प्रत्येक गटात एक आघातयुक्त अक्षर असते आणि त्याच्यामागे बहुधा एखादे दुबळे अक्षर येते. ‘ॲब्सो’ हा एक गट, ‘लूटली’ हा दुसरा. शिवी दोन गटांच्या सांध्यात शिरते, गटाच्या आत शिरत नाही. त्यामुळे तिच्या लगेच पुढे आघातयुक्त अक्षर येते. ‘टेबल’ हा शब्द एकाच गटाचा आहे. त्याला सांधाच नाही, म्हणून त्यात काही घालता येत नाही.

या नियमाला एक पुस्ती जोडावी लागते. ‘अनबिलिव्हेबल’ या शब्दात शिवी ‘अन’ या उपसर्गानंतरही चालते, जरी तिच्यापुढचे ‘बि’ हे अक्षर दुबळे असले. म्हणजे आघाताचा सांधा आणि शब्दघटनेचा सांधा या दोन्हींना मान आहे. ज्या ठिकाणी यांपैकी एकही सांधा नसतो, तिथली घुसखोरी चूक वाटते.

पाणिनीचा ‘अकच्’

शब्दाच्या पोटात तुच्छता घालण्याची सोय संस्कृतातही होती, आणि तिची जागा पाणिनीने नेमकी सांगितली आहे. तुच्छता दाखवण्यासाठी नामाला शेवटी ‘क’ लागतो. वाईट घोडा तो ‘अश्वक’. पण सर्वनामे आणि अव्यये यांच्या बाबतीत पाणिनी ‘अकच्’ नावाचा वेगळा प्रत्यय सांगतो (5.3.71). हा प्रत्यय शेवटी न लागता शब्दाच्या ‘टि’च्या आधी बसतो. ‘टि’ म्हणजे शब्दातला शेवटचा स्वर आणि त्यानंतर जे काही असेल ते. त्यामुळे ‘उच्चैः’चे ‘उच्चकैः’ होते आणि ‘सर्वे’चे ‘सर्वके’. हाच प्रत्यय क्रियापदालाही लागतो आणि ‘पचति’चे ‘पचतकि’ होते. पुढची सूत्रे या प्रत्ययाचे अर्थ देतात, त्यांतला एक अर्थ कुत्सिताचा, म्हणजे निंदेचा आहे (5.3.74).

इथे जागा ठरवण्याची रीत इंग्रजीपेक्षा वेगळी आहे. आघाताचा विचार नाही, मोजणी शब्दाच्या शेवटाकडून आहे. या रीतीचा परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. ‘सर्वे’मधला ‘ए’ आणि ‘पचति’मधला ‘इ’ हे विभक्तीचे व क्रियापदाचे अंत्य भाग आहेत. ‘अकच्’ त्यांच्या आधी शिरतो, त्यामुळे ते भाग जिथले तिथे, शब्दाच्या टोकाला राहतात. निंदा आत जाते, पण शब्दाचे वाक्याशी नाते सांगणारा भाग बाहेरच्या कडेला शाबूत असतो. मराठीतल्या शिव्यांची जागा समजून घेतानाही हाच मुद्दा उपयोगी पडतो.

मराठी व्याकरणांनी दिलेली जागा

मराठी शालेय व्याकरणात भरीचे शब्द केवलप्रयोगी अव्ययांच्या शेवटी येतात. ‘आपला’, ‘म्हणे’, ‘बेटा’ असे शब्द व्यर्थ उद्गारवाची म्हणून दिले जातात आणि ‘बरं का’, ‘जळलं मेलं’ यांसारखे शब्द पादपूरणार्थक किंवा पालुपदे म्हणून. केवलप्रयोगी अव्ययाची व्याख्या अशी की ते वाक्याचा भाग नसते आणि त्याचे रूप बदलत नाही.

प्रत्यक्ष बोलणे या व्याख्येत बसत नाही. ‘मी आपला गप्प बसलो’ असे पुरुष म्हणतो आणि ‘मी आपली गप्प बसले’ असे स्त्री म्हणते. ‘मेला पाऊस’, ‘मेली गाडी’, ‘मेलं मांजर’ यांत लिंग बदलते. ‘मेल्या पावसाने’ यात सामान्यरूपही होते. ज्याला लिंग, वचन आणि सामान्यरूप आहे त्याला अव्यय म्हणता येत नाही. म्हणून भरीच्या शब्दांचे दोन गट पाडणे सोयीचे ठरते. पहिला गट विकारी: साला, मेला, बेटा, ‘डोंबलाचा’, ‘बोडक्याचा’. दुसरा गट अविकारी: च्यायला, आयला. ‘च्यायला’ हा शब्द ‘त्याच्या आईला’ अशा शब्दसमूहातून झिजत आला आहे आणि आता तो अखंड, न बदलणारा उद्गार झाला आहे. नाशिक आणि खानदेशाच्या बोलण्यातले ‘भो’ हे संबोधनही शिवी नसूनही जागेच्या बाबतीत याच दुसऱ्या गटासारखे वागते.

या दोन गटांना वाक्यात वेगवेगळे परवाने आहेत. नियम थोडक्यात असा मांडता येतो: पदसमूहाच्या आत शिरायचे असेल तर शिवीने त्या समूहाचे लिंग, वचन आणि सामान्यरूप धारण केले पाहिजे. जी शिवी हे धारण करत नाही, तिने दोन पदसमूहांच्या मधल्या फटीत उभे राहावे.

‘साला’चे दोन चेहरे

हा फरक एकाच शब्दात पाहायला मिळतो, कारण ‘साला’ दोन्ही गटांत वावरतो. गाडी बंद पडली की कोणी म्हणतो, ‘गाडी साली सुरूच होत नाही.’ दुसरा म्हणतो, ‘गाडी साला सुरूच होत नाही.’ दोन्ही वाक्ये कानाला चालतात, पण राग वेगळ्या ठिकाणी पडतो. ‘साली’ गाडीशी लिंगाने जुळते आणि दोष गाडीला देते. न बदलणारा ‘साला’ कोणाशीच जुळत नाही. तो एकूण परिस्थितीवरचा शेरा आहे. ‘हे सालं असं का होतं’ यातला नपुंसकलिंगी ‘सालं’ही कित्येकदा हेच काम करतो, कारण मराठीत कर्ता निश्चित नसला की नपुंसकलिंगी एकवचन पुढे येते. ‘मेलं काही सुचतच नाही’ ही त्याच घडणीची, एके काळी घराघरांत ऐकू येणारी वाक्यरचना.

आता ‘गाडीत’ असे रूप घेतले तर परवान्यांची तपासणी करता येते. ‘गाडीत साला बसायला जागाच नाही’ हे चालते, कारण ‘गाडीत’ हे पद पूर्ण झाले आहे आणि शेरा त्यानंतरच्या फटीत आहे. ‘गाडीत साली बसायला जागाच नाही’ हे खटकते. ‘साली’ला जुळण्यासाठी प्रथमेतली ‘गाडी’ हवी आणि ती वाक्यात नाही. ‘त्या साल्या गाडीत’ हे नीट बसते, कारण ‘त्या’ आणि ‘गाडीत’ यांच्यामध्ये शिरताना शिवीने सामान्यरूप घेतले. ‘त्या साला गाडीत’ हे मात्र ऐकताक्षणी चुकीचे वाटते. शब्द तोच, जागा तीच, फरक फक्त रूपाचा.

विकारी शिवी नामाच्या मागेही येऊ शकते, पण तिथे अट आणखी कडक होते. ‘त्याला साल्याला काही कळत नाही’, ‘त्याने साल्याने मला फसवलं’ अशी वाक्ये रोजची आहेत. इथे शिवी नामाच्या पुढे स्वतंत्र पद म्हणून उभी आहे, म्हणून तिला नुसते सामान्यरूप पुरत नाही. आधीच्या पदाचा विभक्तिप्रत्यय तिला पुन्हा घ्यावा लागतो. ‘त्याला साल्या काही कळत नाही’ असे म्हटले तर ‘साल्या’ हे संबोधन होते आणि शिवी समोरच्या ऐकणाऱ्याला लागते.

एका वाक्याची तपासणी

निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागाइतदाराच्या तोंडी शोभेल असे एक वाक्य घेऊन सगळ्या फटी क्रमाने तपासता येतात: ‘त्या अवकाळी पावसाने द्राक्षाच्या बागेची पार वाट लावली.’

वाक्याच्या आरंभी काहीच अडचण नाही. ‘च्यायला, त्या अवकाळी पावसाने…’ असे सुरू करता येते. ‘त्या’नंतर ‘साल्या’ बसते: ‘त्या साल्या अवकाळी पावसाने’. तिथे ‘च्यायला’ घातले तर वाक्य अडखळते. बोलणारा मध्येच थांबला, दुसऱ्याच गोष्टीने दचकला आणि मग पुढे गेला असे वाटते. ‘त्या’ हे रूप पुढच्या नामाची वाट पाहत असते आणि न बदलणारा शब्द ती वाट अडवतो. ‘अवकाळी’नंतर ‘साल्या’ आणले तर ते कानाआड करता येते, पण स्वाभाविक क्रम शिवी आधी आणि वर्णन नंतर असाच आहे. ‘अवकाळी पाऊस’ हे जवळजवळ एकच नाव झाले आहे आणि नावाच्या मध्ये शिरणे जड जाते.

‘पावसाने’ या पदाच्या आत काहीही जात नाही. ‘पावसा’ हे सामान्यरूप एकटे उभे राहूच शकत नाही. ‘पाऊस’चा ‘पावसा’ होतो तोच पुढे प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय येणार म्हणून. ‘नाशिक’चे ‘नाशका’ होऊन ‘नाशकात’ बनते त्यातही हेच आहे. सामान्यरूपाने दिलेला शब्द पाळला जाण्याआधी तिसऱ्याने मध्ये येणे मराठीला मान्य नाही. ‘पावसाने’ पूर्ण झाल्यावर मात्र वाक्यातली सर्वांत मोकळी फट येते. ‘त्या अवकाळी पावसाने साला बागेची वाट लावली’, ‘पावसाने च्यायला’, ‘पावसाने साल्याने’ हे तिन्ही चालतात.

‘द्राक्षाच्या’नंतरची जागा पुन्हा बंद आहे. ‘द्राक्षाच्या च्यायला बागेची’ कोणी म्हणणार नाही. ‘द्राक्षाच्या साल्या बागेची’ व्याकरणात बसते, पण शिवी पावसाऐवजी बागेला लागते. बोलणाऱ्याच्या मनात तसे नसते. इथे चूक रूपाची नाही, रोखाची आहे.

‘बागेची’नंतर गोष्ट बदलते. ‘बागेची’ हेही षष्ठीचेच रूप आहे, पण ‘बागेची साला पार वाट लावली’ हे सहज चालते. दोन षष्ठींतला फरक पदे हलवून पाहिली की कळतो. ‘पार वाट लावली बागेची’ असे म्हणता येते. ‘बागेची’ आपल्या ‘वाट’पासून दूर जाऊ शकते. ‘बागेची पार वाट लावली द्राक्षाच्या’ असे कधीच म्हणता येत नाही. जी दोन पदे वाक्यात एकमेकांपासून दूर जाऊ शकतात, त्यांच्यामध्ये अविकारी शिवीही उभी राहते. जी पदे सुटी होत नाहीत, त्यांच्यामध्ये ती खटकते. कोणत्याही नव्या वाक्यात जागा तपासण्याची ही सर्वांत सोपी कसोटी आहे.

‘पार’नंतर ‘साला’ चालतो. ‘वाट’ आणि ‘लावली’ यांच्यामध्ये मात्र ‘वाट साला लावली’ हे खटकते. ‘वाट लावणे’ हा वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ दोन्ही शब्द मिळून होतो. मध्ये शिवी आली की ‘वाट’ला क्षणभर तिचा मूळ अर्थ परत मिळतो आणि वाक्य फिसकटते. शेवटी ‘…वाट लावली च्यायला’ आणि ‘…वाट लावली साल्याने’ ही दोन्ही रूपे घट्ट बसतात. दुसऱ्या रूपात ‘साल्याने’ची तृतीया दूरच्या ‘पावसाने’शी जुळते. विभक्ती जुळली की अंतराची अडचण उरत नाही.

‘च’ला मिळणारी वाट

वरच्या बंद जागांतल्या काही जागा ‘च’ या शब्दाला उघड्या असतात. ‘वाट साला लावली’ चालत नाही, पण ‘वाटच लावली’ चालते. ‘येत साला नाही’ खटकते, ‘येतच नाही’ हे नेहमीचे बोलणे आहे. ‘विसरून च्यायला गेलो’ जड वाटते, ‘विसरूनच गेलो’ सहज आहे. एवढेच नव्हे तर ‘तुझ्याचसाठी’ यात ‘च’ सामान्यरूप आणि शब्दयोगी अव्यय यांच्यामध्ये जाऊन बसतो. मात्र ‘नाशकात’च्या आत त्यालाही वाट नाही, ‘नाशकातच’ होते, ‘नाशकाचत’ होत नाही.

याचे कारण ‘च’ एकटा उच्चारला जात नाही. तो मागच्या पदाला चिकटतो आणि त्याचाच शेवटचा भाग बनतो, त्यामुळे पदांची साखळी तुटत नाही. ‘साला’ आणि ‘च्यायला’ हे स्वतंत्र शब्द आहेत, स्वतःचा सूर आणि स्वतःचा थांबा घेऊन येतात. म्हणून मराठीत सांध्यांच्या तीन पायऱ्या दिसतात. प्रत्ययाच्या आधीचा सांधा सर्वांना बंद. शब्दयोगी अव्यय, सहायक क्रियापद आणि ‘नाही’ यांच्या आधीचा सांधा ‘च’ला उघडा, शिवीला बंद. पूर्ण पदसमूहानंतरची फट सर्वांना उघडी.

‘काय डोंबल’

शिवी कधी कधी फटीत न राहता वाक्यातली जागाच घेते. ‘त्याला काय डोंबल कळतंय’, ‘काय कप्पाळ समजणार’ या वाक्यांत ‘डोंबल’ आणि ‘कप्पाळ’ हे कर्माच्या जागेवर बसलेले आहेत. ‘काय’च्या पुढे जिथे एखादे नाम आले असते, ती ही जागा. म्हणूनच ‘काय पुस्तक डोंबल वाचतोस’ हे चूक वाटते. जागा ‘पुस्तक’ने आधीच भरली आहे. पुस्तक ठेवायचे असेल तर डोंबलाला षष्ठी घेऊन विशेषणासारखे वागावे लागते: ‘कसलं डोंबलाचं पुस्तक वाचतोस’. ‘कुठे’ हे स्थळाचे विचारणे आहे, त्याच्यापुढे नामाची रिकामी जागा नसते, म्हणून ‘कुठे डोंबल गेला’ बसत नाही.

इंग्रजीतल्या ‘व्हॉट द हेल’ या रचनेशी हिचे साम्य वरवरचे आहे. इंग्रजीत ‘द हेल’ हे ‘हू’, ‘व्हेअर’, ‘व्हाय’ यांनाही जोडले जाते, कारण ते प्रश्नार्थक शब्दालाच चिकटते. पण ‘विच’ला ते जोडले जात नाही. ठरावीक पर्यायांतून निवड विचारणाऱ्या शब्दाशी अशा वैतागाचा मेळ बसत नाही. मराठीतली अट मात्र अर्थाच्या आधी जागेची आहे.

मराठी शब्द का फुटत नाही

इंग्रजीसारखी शब्दाच्या पोटातली शिवी मराठीत का रुजली नाही, हे आता सांगता येते. पहिले कारण आघाताचे. मराठीत आघाताने शब्दांचा अर्थ बदलत नाही आणि आघात नसलेली अक्षरे इंग्रजीइतकी दुबळी होत नाहीत. त्यामुळे लांब शब्दातही ‘ॲब्सो’ आणि ‘लूटली’ असे ठळक गट कानाला जाणवत नाहीत.

दुसरे कारण सांध्याचे. ‘मालेगाव’, ‘सातपूर’ यांसारख्या नावांत जोड स्पष्ट दिसतो, पण त्यातला एखादा तरी भाग नावाबाहेर त्याच अर्थाने वावरत नाही. ‘सात-च्यायला-पूर’ केले तर ‘सात’ ही संख्या उरते आणि गाव हरवते. ‘वाचनालय’ यात तर जोडाची जागाच दाखवता येत नाही. ‘वाचन’ आणि ‘आलय’ मिळून झालेला ‘आ’ दोन्ही शब्दांच्या वाट्याचा आहे. त्याच्या अलीकडे कापले तर ‘वाचन’ अपुरे राहते, पलीकडे कापले तर ‘आलय’चा आरंभ जातो.

तिसरे आणि मुख्य कारण विभक्तीचे. मराठी शब्द वाक्यात बहुधा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय घेऊन उभा असतो आणि त्याआधीचे सामान्यरूप त्याला जखडून ठेवते. इंग्रजी विशेषणाला लिंग-वचन नसते, म्हणून तिथली शिवी रूप न बदलता आत जाते. मराठीत आत जाण्याची किंमत म्हणजे रूप बदलणे, आणि शब्दाच्या पोटात रूप बदलण्याची सोय नाही. ‘अकच्’ने ही अडचण विभक्तीला धक्का न लावता तिच्या अलीकडे बसून सोडवली होती, पण तो जेमतेम एका अक्षराचा प्रत्यय होता, पूर्ण शब्द नव्हता.

निर्णयाच्या मर्यादा

या जागांबद्दलचे कानाचे निर्णय सगळीकडे सारखे ठाम नसतात. ‘पावसा-साला-ने’ सर्वांना चूक वाटते. ‘हा च्यायला पाऊस’ काहींना चालते, काहींना अडखळते, कारण ‘हा’ प्रथमेत आहे आणि स्वतंत्र सर्वनाम म्हणूनही उभा राहू शकतो. ‘त्या च्यायला पावसाने’ यात ती मुभा नाही. ‘लक्ष च्यायला देत नाही’ यासारख्या वाक्यात उत्तर ‘लक्ष देणे’ हे किती एकजीव वाटते यावर अवलंबून असते.

सुराचाही परिणाम होतो. शिवीच्या दोन्ही बाजूंना थांबा घेतला तर ती वाक्यात राहत नाही, वाक्य तोडून मध्ये आलेला उद्गार ठरते, आणि असा उद्गार जवळपास कुठेही येऊ शकतो. म्हणून जागा तपासताना वाक्य एका दमात, थांबा न घेता म्हणून पाहावे लागते. लिहिताना जिथे शिवीभोवती स्वल्पविराम द्यावासा वाटतो, तिथे ती उद्गार असते. जिथे स्वल्पविराम नकोसा वाटतो, तिथे ती वाक्याचा घटक असते आणि रूप, फट आणि रोख या तिन्ही अटी तिला लागू होतात.